फोटोतल्या पोथीची नोंद कशी करावी: एका बासनाची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर एक गृहस्थ आमच्या वाचनालयात आले. मी तिथे ग्रंथपाल आहे. त्यांच्या हातात पोथी नव्हती, पेन ड्राइव्ह होता. "बाई, आजोबांची पोथी आहे. पान धरलं की कोपरा हातात येतो, म्हणून घराबाहेर काढत नाही. पुतण्यानं सगळे फोटो काढलेत. तुमच्याकडे नोंद होईल का?"

होईल, म्हटलं. फोटोंवरून नोंद करणं म्हणजे समोर बघून टाइप करणं, इतकंच मला तेव्हा वाटत होतं. त्या एका बासनाने तीन आठवडे घेतले आणि या कामात चुका कुठे होतात ते शिकवलं. तेच इथे क्रमाने सांगते. तुमच्याकडे मोबाईलवर काढलेले पोथीचे फोटो येऊन पडले असतील, तर याच वाटेने जा.

आधी फायली, मग वाचन

त्या गृहस्थांनी आधी काही फोटो मेसेजिंग ॲपवरून पाठवले होते. त्यात अक्षर वाचता येत होतं, पण मोठं करून बघितलं की काना आणि कागदाची सुरकुती सारखीच दिसायची. असे फोटो पाठवताना आकसतात आणि फाईलचं मूळ नावही जातं. क्रमाचा तेवढाच तर पुरावा असतो. म्हणून कॅमेऱ्यातल्या मूळ फायलीच मागवा, पेन ड्राइव्हवर नाहीतर 'डॉक्युमेंट' म्हणून.

मूळ फायलींचा एक संच बाजूला ठेवा आणि त्याला हात लावू नका. दुसऱ्या संचावर काम करा. नाव देताना दाखल क्रमांक, अध्याय, पत्र आणि बाजू एवढंच घालावं. मी `P0112_33_06b.jpg` असं लिहिते: 112 क्रमांकाची पोथी, 33वा अध्याय, 6वं पत्र, मागची बाजू. फाईलच्या नावात देवनागरी घालू नये. एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना कधी ना कधी त्याचे चौकोन होतात.

हे नाव मात्र पुढची पायरी झाल्यावरच द्यायचं. आधी नाव दिलं की चुकीचा क्रम पक्का होऊन बसतो. माझं तसंच झालं. दीडशेच्या आसपास फायलींना एका संध्याकाळी उत्साहाने नावं दिली आणि दुसऱ्या दिवशी सगळी पुसली.

पत्रं लावणं

पोथीला शिवण नसते. सुटी आडवी पत्रं एकावर एक ठेवून वर-खाली फळ्या लावतात आणि कापडात बांधतात. एका पत्राला दोन बाजू असतात, पण क्रमांक एकच, आणि तो बहुतेक पोथ्यांत मागच्या बाजूच्या समासात लिहिलेला असतो. पुस्तकाची सवय असलेला माणूस इथेच घसरतो. ज्या फोटोत '७' दिसतो ती सातव्या पत्राची मागची बाजू असते. तिच्या आधीचा, आकडा नसलेला फोटो ही त्याच पत्राची पुढची बाजू. पुढच्या बाजूला मी `a` म्हणते, मागच्या बाजूला `b`.

दुसरी अडचण या पोथीची स्वतःची होती. 'पत्र ५' असे सहा फोटो निघाले. घरच्यांना वाटलं, पुतण्याने तेच तेच पान काढलं. पण समासात आकड्याच्या वर बारीक अक्षरात 'ह. वि.' आणि अध्यायाचा आकडा होता. प्रत्येक अध्यायाला पत्रांचे आकडे नव्याने सुरू होत होते. पोथ्यांत ही पद्धत सर्रास आढळते. म्हणून समासातला मजकूर कातरून टाकलेले फोटो घेऊच नका. ओळी नीट दिसाव्यात म्हणून हौशी माणूस नेमका समास कापतो.

एक साधा तक्ता करा: फोटो क्रमांक, समासातलं संक्षिप्त नाव, अध्याय, पत्र, बाजू, शेरा. मजकूर वाचायचा नाही, फक्त समास बघत जायचं. दीड तासात माझा तक्ता झाला. अध्याय 31 ते 36, त्यांची पत्रं अनुक्रमे 11, 12, 10, 13, 12 आणि 14. एकूण 72 पत्रं, म्हणजे 144 बाजू. फोटो होते 146. त्यातले 4 दुबार काढलेले. उरले 142.

दोन बाजू कमी होत्या. कुठल्या, ते तक्त्यातच दिसलं. 33व्या अध्यायात '६' आकड्याच्या फोटोनंतर एक बिनआकडी फोटो होता आणि त्यानंतर थेट '८'. म्हणजे 7ची मागची आणि 8ची पुढची बाजू नाही. बाजू अशा जोडीने, आधी मागची मग पुढची, हरवल्या की समजावं: दोन पत्रं एकमेकांना चिकटली आहेत आणि फोटो काढणाऱ्याने ती एकच समजून उलटली. एखादं पत्रच गहाळ असतं तर त्याच्या पुढची आणि मागची, दोन्ही बाजू गेल्या असत्या. मी फोन करून सांगितलं, "33व्या अध्यायाचं सातवं पत्र जाड लागतंय का बघा. पण सोडवू नका." थोड्या वेळाने उत्तर आलं, जाड आहे, आणि कडेला डाग आहे.

ती पत्रं सुरीने, वाफेने किंवा नखाने सोडवायची नाहीत. जुनी काळी शाई काजळी आणि डिंकाची असते. उजेडाने ती फारशी फिकी पडत नाही, पण ओल लागली की डिंक सुटतो आणि अक्षर समोरच्या पत्रावर उमटतं. संवर्धनाचं काम शिकलेल्या माणसाच्या हाती जाईपर्यंत त्या दोन बाजू नोंदीत 'चिकटलेल्या, अवाचित' अशाच राहतील.

काय वाचायचं आणि किती

नोंद करायला पोथी पूर्ण वाचावी लागत नाही. तीन जागा वाचायच्या: पहिल्या पत्राचा आरंभ, प्रत्येक अध्यायाची समाप्तीची ओळ आणि अगदी शेवटी लेखकाने, म्हणजे नक्कल करणाऱ्याने, लिहिलेली पुष्पिका.

या तिन्ही जागा जशा आहेत तशा उतरवा. ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका, शब्द तोडू नका, 'याणीं'चं 'यांनी' करू नका. गेलेलं अक्षर तुम्ही अंदाजाने भरलंत तर चौकोनी कंसात. अंदाजही करता येत नसेल तर कंसात जितकी अक्षरं गेली असतील तितके टिंब. अक्षर दिसतं पण खात्री नाही, तर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. या तीन खुणा भिंतीवर लिहून ठेवा. मधल्या सुट्टीनंतर परत बसलं की माणूस नवीनच खुणा काढतो.

फोटोत फसवणारी एक गोष्ट मुद्दाम सांगते. काही ओळींवर पिवळट पट्टे दिसतील. मी पहिल्या दिवशी शेऱ्यात लिहिलं, 'हळदीचे डाग'. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर रोज वर्तमानपत्र वाचायला येतात, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. ते चष्मा वर करून म्हणाले, "अगं, डाग असा ओळीत मोजून चार अक्षरांवर पडतो का? हरताळ आहे ती. चुकलेलं अक्षर झाकलंय." हरताळ फासणे हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो, पण प्रत्यक्ष फासलेली हरताळ मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. हरताळ हा सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा पिवळा खनिज पदार्थ. त्यामुळे मूळ पोथी हाताळणाऱ्याला सांगून ठेवा: बोट जिभेला लावून पत्र उलटायचं नाही, काम झाल्यावर हात धुवायचे. आणि नोंदीत 'डाग' नव्हे, 'हरताळीने दुरुस्त्या' असं लिहायचं. डाग म्हणजे पोथीची हेळसांड, दुरुस्ती म्हणजे कुणीतरी नक्कल पुन्हा तपासली होती. दोन्हींचा अर्थ अगदी उलटा.

ग्रंथ कोणता आणि तारीख कोणाची

'ह. वि.' म्हणजे हरिविजय, हे अध्यायांच्या समाप्तीवरून लगेच कळलं. ग्रंथकर्ता श्रीधर. ग्रंथाचे एकूण 36 अध्याय, म्हणजे आपल्या बासनात शेवटचे सहा. आता इथे थांबा, कारण शेवटच्या अध्यायाच्या अखेरीस दोन तारखा असू शकतात. हरिविजय पुरा झाला तो शके 1624 मध्ये, चित्रभानू संवत्सरात, म्हणजे इसवी सन 1702 मध्ये. हा शक ग्रंथाचाच भाग म्हणून प्रत्येक नकलेत उतरत जातो. तो वाचून 'पोथी 1702ची' असं लिहिणं ही या कामातली सगळ्यात सामान्य चूक आहे. एरवी जाणत्या लोकांनी केलेल्या यादीतही मी ती पाहिली आहे.

पोथीची तारीख त्याच्याही खाली, ग्रंथ संपल्यावर, नक्कल करणाऱ्याच्या ओळींत असते. तिथे बहुधा 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया' हा ठरलेला श्लोकही असतो: जसं पुस्तक पाहिलं तसं लिहिलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. हा श्लोक दिसला की नकलाकाराची हद्द सुरू झाली असं धरा.

आमच्या पुष्पिकेत तारखेची ओळ अशी होती:

शके १७[.]० विभव नाम संवत्सरे श्रावण शुद्ध १५ [..]वासरे

कसर नेमकी दोन ठिकाणी लागली होती, शकाच्या तिसऱ्या आकड्यावर आणि वाराच्या पहिल्या अक्षरांवर.

गेलेला आकडा परत मिळवणं

इथे संवत्सर कामाला येतं. साठ संवत्सरांचं चक्र आहे, प्रभव पहिलं, विभव दुसरं. महाराष्ट्रातल्या पद्धतीने शकात 12 मिळवा, 60ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावं, क्षय. ताळा करून बघा: शके 1946 मध्ये 12 मिळवले की 1958, बाकी 38, आणि ते क्रोधी संवत्सर होतं. वर सांगितलेला हरिविजयाचा शकही बसतो: 1624 अधिक 12 म्हणजे 1636, बाकी 16, चित्रभानू.

आता 1700 पासून 1790 पर्यंत दहाही शक्यता तपासल्या. बाकी 2 येते ती दोनदाच: 1730 मध्ये आणि 1790 मध्ये. चक्र साठ वर्षांचं असल्यामुळे असं होणारच. संवत्सराने दहाच्या दोन शक्यता केल्या, पण त्यापुढे त्याचा उपयोग नाही. 1730 म्हणजे पेशवाईतली पोथी, 1790 म्हणजे छापखाने चालू झाल्यानंतरची.

मग वार. जंत्री काढून दोन्ही शकांतली श्रावणी पौर्णिमा बघितली. शके 1730 मध्ये ती शनिवारी, 6 ऑगस्ट 1808 रोजी होती. शके 1790 मध्ये सोमवारी, 3 ऑगस्ट 1868 रोजी. पुष्पिकेत वार साधे नसतात. शनिवारला मंदवासर, सोमवारला इंदुवासर. फोटोत 'वासरे'च्या आधी एक अनुस्वार आणि 'द'चा खालचा भाग दिसत होता. मंद की इंदु? दोन्हींत अनुस्वार, दोन्हींत द. मी पहिल्यांदा 'इंदु' वाचलं, कारण द-खाली एक रेघ होती आणि ती मला उकार वाटली. त्या दिवशी नोंदीत 1868 लिहिलंसुद्धा.

संशय आला तो उकारामुळेच. त्याच ओळीत 'शुद्ध'मध्ये या हाताचा उकार डावीकडे गोल वळत होता, आणि इथली रेघ सरळ उजवीकडे सुटत होती. घरच्यांना विचारलं, त्या एका पत्राचा नवा फोटो मिळेल का. पत्र सपाट ठेवायचं, खोलीत अंधार करायचा आणि टॉर्च टेबलाच्या पातळीवर, एका बाजूने, पत्रापासून हातभर लांब धरायची. अशा तिरप्या उजेडात कागदाची भोकं आणि सुरकुत्या सावली टाकतात, शाई टाकत नाही. नव्या फोटोत तो 'उकार' सावलीची रेघ निघाला. कसरीने खाल्लेल्या भोकाची कड होती ती. आणि अनुस्वाराच्या डावीकडे 'म'ची गाठ उरली होती.

मंदवासरे. शके 1730. इसवी सन 1808.

दोन इशारे. तिथीचा वार जंत्रीशी एका दिवसाने जुळला नाही तर लगेच शक नाकारू नका. तिथी सूर्योदयाची धरतात, पण लिहिणारा संध्याकाळी लिहीत असेल तर पुढची तिथी लागलेली असू शकते. इथे शनिवार आणि सोमवार यांत दोन दिवसांचं अंतर होतं म्हणून निर्णय झाला. ओळीत भानुवासर, म्हणजे रविवार असता, तर माझे हात टेकले असते आणि कागदाकडे बघावं लागलं असतं. दुसरं, शकात नेहमी 78 मिळवायचे नाहीत. चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत 78, आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79. हीच पोथी माघात पुरी झाली असती तर 1809 लिहावं लागलं असतं.

माप

फोटोत पट्टी ठेवलेली असेल तर आकार काढता येतो. पट्टीवरचे 10 सेंटिमीटर माझ्या पडद्यावर 1180 पिक्सेल भरले, पत्र आडवं 2714 आणि उभं 1298. म्हणजे 23 बाय 11 सेंटिमीटर. पट्टी पत्राच्या शेजारी, त्याच पातळीवर हवी. फळीवर किंवा पुस्तकावर ठेवलेली पट्टी कॅमेऱ्याच्या जवळ येते आणि पत्र लहान भरतं. पट्टी नसेल तर माप लिहू नका, घरच्यांना मोजायला सांगा.

नोंद बांधणं

आता कुठे संगणकाची तालिका उघडायची. आमच्याकडे कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली आहे, त्यात मार्क या नोंदपद्धतीचे रकाने भरावे लागतात. या पोथीची नोंद, मुख्य रकान्यांपुरती, अशी झाली:

```
LDR/06     t
008/07-10  1808
008/35-37  mar
100 0_ $a श्रीधर
245 10 $a हरिविजय. $n अध्याय ३१ ते ३६
264 _0 $c शके १७[३]० [1808]
300 __ $a ७२ पत्रे ; $c ११ x २३ सेंमी.
500 __ $a ३३वा अध्याय: पत्र 7b, 8a चिकटलेली, अवाचित
546 __ $a मराठी ; $b बाळबोध
```

पहिल्या ओळीतला `t` म्हणजे हस्तलिखित. तो विसरलात तर पोथी छापील पुस्तकांत जाऊन बसते आणि हस्तलिखितं शोधणाऱ्याला कधीच दिसत नाही. `mar` म्हणजे मराठी. तारीख दोनदा आली आहे ती मुद्दाम. `264`मध्ये पोथीत आहे तशी, कंसासकट. `008`मध्ये नुसता 1808, म्हणजे यंत्राला वर्षानुसार क्रम लावता येईल. देवनागरी आकड्यांना बऱ्याच प्रणाली आकडा न मानता अक्षर मानतात.

वार कसा ठरवला, 1790 का नाकारला, हे आणखी एका `500`मध्ये दोन वाक्यांत लिहिलं. नकलाकाराचं नाव आणि पोथी कुठल्या घराण्याची, तेही आपापल्या रकान्यात गेलं. इथे देत नाही, कारण ते घर गावात आहे.

नोंदी आधी एक्सेलमध्ये करून मग चढवणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. देवनागरी असलेली सीएसव्ही फाईल डबल क्लिकने उघडू नका, अक्षरांचा चिवडा होतो. रिकामी वही उघडून `Data > From Text/CSV` मधून आणा आणि `65001: Unicode (UTF-8)` निवडा. आणि 'ऱ्य' सगळ्यांनी एकाच पद्धतीने टाइप करा. हे अक्षर संगणकावर दोन रीतींनी साठवलं जातं, दिसायला एकच. एकाने एका रीतीने 'सूर्‍या' लिहिलं आणि वाचकाने दुसऱ्या रीतीने 'सूऱ्या' शोधलं, तर समोर असलेली नोंद सापडत नाही.

शेवटची तपासणी मी स्वतः केली नाही. नोंद छापून आप्पांच्या हातात दिली आणि फोटो त्यांच्यासमोर लावले. नोंद वाचायची आणि प्रत्येक गोष्ट फोटोत दाखवायची, उलट्या दिशेने. ज्याने लिहिलं त्याला स्वतःचं वाचन पुन्हा तसंच दिसतं, मला 'इंदु' दिसला होता तसं. त्यांनी एकच चूक काढली. 35व्या अध्यायाच्या समाप्तीत मी नकळत 'श्रीकृष्ण' शुद्ध लिहिलं होतं, पोथीत 'श्रीकृष्न' होतं.

यंदा दिवाळीनंतर ती दोन चिकटलेली पत्रं सोडवून झाली. फोटो आले तेव्हा नोंदीत पत्रांची संख्या बदलायची नव्हती, 72च होती. फक्त 'चिकटलेली, अवाचित' ही ओळ काढून 'पत्र 7b, 8a नंतर सोडवली, अक्षरे परस्परांवर उमटलेली' असं लिहिलं आणि बदलाची तारीख टाकली. 7bवरच्या दोन ओळी आरशात धरून वाचाव्या लागतात.